‘याशिवाय दुसरे कोणी वारस नाहीत’

मंडळी, ज्यांच्या घरात मागच्या काही वर्षांत कुणी वारलंय आणि सातबारावर वारसांची नावं लागलीत किंवा लागायची आहेत, त्यांनी ही पोस्ट शेवटपर्यंत वाचा. लांब आहे, पण विषय तुमच्या आमच्या जमिनीचा आहे आणि खास करून लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या लेकी-बहिणींचा आहे.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलपासून, महसूल खात्यानं राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम चालवली. कल्पना चांगलीच होती. आपल्याकडं आजोबा वारून तीस वर्षं झाली तरी सातबारावर आजोबाच असतात, मग कर्ज अडतं, अनुदान अडतं, पीकविमा अडतो. मयत खातेदारांची यादी तलाठ्यांनी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात ते तलाठी भाऊसाहेबच) चावडीवर वाचायची, वारसांनी कागद द्यायचे, फेरफार धरायचा, नावं लावायची. कागदांत काय काय मागितलं? मृत्यूचा दाखला, पोलीस पाटील किंवा सरपंच-ग्रामसेवकांचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-वय-पत्ते-फोन नंबर, आणि वारसांबाबत सत्यप्रतिज्ञालेख किंवा स्वयंघोषणापत्र.

माझं भांडण त्या शेवटच्या कागदाशी आहे. कागदाशी म्हणण्यापेक्षा आपण तो ज्या पद्धतीनं करतो त्या पद्धतीशी.

वंशावळीचं प्रतिज्ञापत्र तुम्ही पाहिलं असेल. दहा-बारा ओळी असतात. मी अमुक, वय, धंदा शेती, राहणार अमुक, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की आमचे वडील अमुक तारखेस मयत झाले, त्यांना खालीलप्रमाणे वारस आहेत. मग नावं. आणि खाली ते वाक्य: याशिवाय दुसरे कोणी वारस नाहीत. सबंध कागदात या एका वाक्यालाच वजन आहे. बाकी सगळं दाखल्यांवरून कळतं. हे वाक्य मात्र फक्त माणसाच्या शब्दावर उभं असतं, म्हणून तर शपथ घ्यायला लावतात. आणि आमच्या सातारा-सांगलीत सगळ्यात जास्त खोटं याच वाक्यात लिहिलं जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक प्रकरण कागद हातात घेऊन पाहिलंय. गाव आणि नावं सांगणार नाही, कृष्णाकाठचं आहे एवढं पुरे. वडिलांनी स्वतःच्या कष्टातून खरेदी घेतलेली जमीन, दोन एकर सोळा गुंठे, म्हणजे शहाण्णव गुंठे, सगळा ऊस. वडील मृत्युपत्र न करता वारले. मागं आई, दोन मुलगे, तीन मुली. वडिलांची आई आधीच गेलेली. हिंदू वारसा कायद्यानं आई आणि पाच मुलं असे सहा वर्ग एकचे वारस, सहा सारखे हिस्से, प्रत्येकी सोळा गुंठे. हिशेब शाळकरी पोराला जमेल असा. प्रतिज्ञापत्रात मात्र तीनच नावं आली: आई आणि दोन मुलगे. प्रत्येकी बत्तीस गुंठे. तिन्ही लेकींचे मिळून अठ्ठेचाळीस गुंठे, म्हणजे निम्मं रान, एका वाक्यात गेलं.

(जमीन वडिलोपार्जित असती तर मांडणी थोडी वेगळी झाली असती, पण लेकी सुटल्या नसत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानंच सहहिस्सेदार आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असायची गरज नाही हे सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलंय. तेव्हा ‘आमचं जुनं आहे’ हे कारण चालत नाही.)

थोरल्या बहिणीला हे कळलं कसं? पेपरातल्या जाहीर नोटिशीवरून. भावांनी जमीन विकायला काढली, घेणाऱ्याच्या वकिलानं ‘कोणाची हरकत असल्यास कळवावे’ अशी नोटीस दिली, आणि तिच्या नवऱ्यानं दुकानात वडापाव बांधून आलेल्या कागदावर गट नंबर वाचला. अक्षरशः. तिनं तहसीलमध्ये जाऊन फेरफाराची आणि वारस प्रकरणाच्या कागदांची नक्कल मागितली, पैसे भरले, मिळाली. त्यात ते प्रतिज्ञापत्र निघालं. पाचशेचा स्टँप, लाल गोल शिक्का, अनुक्रमांक, तारीख, सगळं झकास. थोरल्या भावाची सही आणि आईचा अंगठा.

ती आईकडं गेली. आई ऐंशीच्या पुढची, लिहितावाचता येत नाही. ‘आई, तू साताऱ्याला कोर्टात गेली होतीस का?’ आई म्हणाली, ‘मी कशाला जातीया? थोरला शाईचं पॅड घेऊन आलता. सोसायटीचं काम हाय म्हणाला.’

आता जरा थांबून नोटरीसमोर शपथ घेणं म्हणजे नक्की काय असतं ते बघू. कारण आपल्यातल्या दहापैकी आठ जणांना वाटतं की नोटरी म्हणजे शिक्का मारणारा माणूस.

नोटरी हा १९५२ च्या नोटरी कायद्यानं सरकारनं नेमलेला माणूस. बहुतेक वकीलच असतात. त्याची बरीच कामं आहेत, त्यातलं एक शपथ देणं आणि प्रतिज्ञापत्र करून घेणं. प्रतिज्ञापत्र करणारा माणूस स्वतः त्याच्यासमोर हजर पाहिजे. त्याची ओळख पटली पाहिजे, एकतर नोटरीच्या ओळखीचा, किंवा ओळख देणारा वकील, किंवा फोटो असलेलं ओळखपत्र. मग नोटरीनं विचारायचं असतं: हा मजकूर वाचलात का, समजला का, खरा आहे का? माणूस देवाला साक्ष ठेवून शपथ घेतो, किंवा देव मानत नसेल तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो, १९६९ च्या शपथ कायद्यात दोन्ही चालतं. त्यानंतर नोटरीच्या डोळ्यांदेखत सही. आधी करून आणलेली सही चालत नाही. खाडाखोड असेल तिथं छोटी सही. एकापेक्षा जास्त पानं असतील तर प्रत्येक पानावर सही. आणि माणसाला वाचता येत नसेल तर मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, त्याला तो समजला याची खात्री करायची, आणि तसं केल्याचं खाली लिहायचं. मगच अंगठा.

शेवटी नोटरीची सही, शिक्का, तिकीट. शिक्क्यात नोटरीचं नाव, त्याचं कार्यक्षेत्र आणि नोंदणी क्रमांक असतो. आणि नोंदवही. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. प्रत्येक कामाची नोंद नोटरीला रजिस्टरमध्ये करावी लागते: अनुक्रमांक, तारीख, कुणाचं काम, कसलं काम, फी किती घेतली, आणि त्या माणसाची सही किंवा अंगठा. कागदावर जो अनुक्रमांक दिसतो तो या वहीतला. म्हणजे तुमच्या हातातल्या कागदाला नोटरीकडं एक जुळा भाऊ असतो. दोघांची तारीख, नंबर आणि सही जुळली पाहिजे. जिल्हा न्यायाधीशांना ही वही तपासता येते.

वरच्या प्रकरणात आईच्या अंगठ्याखाली वाचून दाखवल्याची ओळच नव्हती. कागद हातात आला की पहिल्यांदा तिथं बघा. अंगठा आहे आणि ‘वाचून दाखविले, समजले’ नाही, तर शपथ झालेलीच नाही असं समजून पुढं चला. दुसरी खूण तारखांची: स्टँप विकत घेतल्याची तारीख, कागदावरची तारीख आणि शिक्क्याची तारीख. स्टँप शपथेच्या नंतरच्या तारखेचा निघाला तर बोलायचं कामच उरत नाही. तिसरी खूण, सही आणि मजकूर यांच्यातलं अंतर. मजकूर पानाच्या मध्यावर संपलाय आणि सही पार तळाला, तर कोऱ्या कागदावर आधी सही घेऊन नंतर टाईप केल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

आता तुम्ही म्हणाल, दादा, एवढं कोण करतंय? बरोबर. कचेरीबाहेरच्या टेबलावर काय चालतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. टायपिस्टकडं तयार मजकूर, नावं बदलायची, प्रिंट काढायची, ‘इथं सही करा, अर्ध्या तासानं या’. अर्ध्या तासानं शिक्का मारलेला कागद मिळतो. नोटरी कोण होता हे आपल्याला शिक्का वाचल्यावर कळतं. मी स्वतः एकदा असाच कागद घ्यायला थांबलो होतो, टेबलावरच्या पोराला म्हटलं, ‘साहेबांपुढं यायला नको का?’ तो म्हणाला, ‘कशाला ताण घेताय काका, साहेबांचा विश्वास हाय.’ कुणावर विश्वास, ते त्यानं सांगितलं नाही.

सगळेच तसे नाहीत, हेही सांगतो. माणूस समोर आल्याशिवाय पेनाला हात न लावणारे नोटरी सांगलीतही आहेत, साताऱ्यातही आहेत. पण त्यांच्याकडं गर्दी कमी असते. कारण गिऱ्हाईकाला घाई असते आणि ते लगेच पुढच्या टेबलावर जातं.

ही घाई आली कुठून? इथं मी सरकारी कचेऱ्यांना जबाबदार धरतो, आणि नीट कारण देऊन धरतो. ज्या कामाला शपथेची गरजच नाही तिथंही आपल्याला ‘नोटरी करून आणा’ म्हणतात. शिक्षणात एक वर्षाचा खंड पडला, प्रतिज्ञापत्र. रेशनकार्डात नाव घालायचंय, प्रतिज्ञापत्र. दोन कागदांवर नावात एका काना-मात्रेचा फरक, प्रतिज्ञापत्र. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, प्रतिज्ञापत्र. आणि प्रत्येक वेळी ‘बाँडवर’.

आता नियम ऐका. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाचा ९ मार्च २०१५ चा शासन निर्णय आहे: प्रशासकीय कामात प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र घ्यायचं, आणि साक्षांकित प्रतींऐवजी स्वतः सही केलेल्या प्रती. जिथं कायद्यानंच प्रतिज्ञापत्र सांगितलंय ती कामं सोडून. अकरा वर्षं झाली. पासपोर्टवाल्यांनी तर २०१६ च्या डिसेंबरात सगळी जोडपत्रं साध्या कागदावर, स्वतःच्या सहीनं घ्यायला सुरुवात केली, नोटरी बंद. परदेशात जायला नोटरी लागत नाही आणि रेशनकार्डात सुनेचं नाव घालायला लागते!

स्टँपचंही तसंच. १ जुलै २००४ ची अधिसूचना आहे. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, राष्ट्रीयत्वाचा दाखला काढायला आणि सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात दाखल करायला जे प्रतिज्ञापत्र करायचं, त्याचं मुद्रांक शुल्क माफ. म्हणजे साधा कोरा कागद चालतो. तरी वीस वर्षं लोक शंभरचा स्टँप घेत राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं शंभरचं किमान शुल्क पाचशे केलं आणि तेव्हा बोंब उठली, कारण शंभरला कुणी बोलत नव्हतं, पाचशे खिशाला लागले. मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना पाचशेचा स्टँप लागणार नाही असं जाहीर केलं. पेपरात मोठी बातमी, आभाराचे फ्लेक्स. जे आधीपासून माफ होतं ते पुन्हा माफ झालं, त्याचे आभार! लागतो तो स्टँप खाजगी व्यवहारातल्या प्रतिज्ञापत्राला, बँकेला द्यायचं असेल, कंपनीला द्यायचं असेल, तिथं. तलाठ्याकडं वारसासाठी द्यायच्या कागदाला नाही.

पैशाचं नुकसान आहेच, पण मला त्याहून मोठं नुकसान दिसतं. माणसाला आयुष्यात पंधरा-वीस वेळा फालतू कारणांसाठी शपथ घ्यायला लावली, आणि दरवेळी ती न घेताच शिक्का मिळाला, की त्याच्या मनात प्रतिज्ञापत्र म्हणजे पावती होऊन बसतं. मग सोळाव्या वेळी, वडील गेल्यावर, ‘याशिवाय दुसरे कोणी वारस नाहीत’ यावर सही करताना त्याचा हात थरथरत नाही. टायपिस्ट विचारतो, ‘बहिणींची नावं टाकायची का?’ आणि तो म्हणतो, ‘नको, त्यांना काय पायजे?’ कारण त्याला वाटतं ही टायपिस्टशी चाललेली बोलणी आहेत. ती असते न्यायाच्या कामातली शपथ.

खोट्या शपथेला शिक्षा आहे. आता भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम २२९ प्रमाणे न्यायालयीन कामात खोटा पुरावा दिला तर सात वर्षांपर्यंत कैद, इतर ठिकाणी तीन वर्षांपर्यंत, वर दंड. स्वयंघोषणापत्र दिलं तरी सुटका नाही, नोटरीचा शिक्का नसला म्हणून खोटं खरं होत नाही. पण खरं सांगायचं तर या कलमाखाली आत गेलेला भाऊ मी पाहिलेला नाही. कोर्टात दिलेल्या खोट्या शपथपत्राची तक्रार त्या कोर्टानंच लेखी करायची असते, आणि कोर्टांना आधीच कामं कमी नाहीत. नोटरीवर फौजदारी करायची तर नोटरी कायद्याचं कलम १३ आडवं येतं: त्याच्या कामातल्या गुन्ह्याची दखल कोर्ट सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरच घेतं. तुमची आमची तक्रार थेट चालत नाही. गैरवर्तनाची तक्रार मात्र सामान्य माणसाला ज्या सरकारनं नोटरी नेमला त्या सरकारकडं, नियमातल्या ठरलेल्या नमुन्यात करता येते, चौकशी होते आणि नाव यादीतून काढलंही जाऊ शकतं. करतं कोण? कुणी नाही. आणि हे सगळ्या टेबलांना माहीत आहे.

कमेंटमध्ये आता दोन गोष्टी येणार, त्या आधीच घेतो.

पहिली: ‘बहिणींनीच सांगितलंय आम्हाला काही नको म्हणून.’ मान्य. बऱ्याच जणी खरंच म्हणतात, माहेर तुटू नये म्हणून म्हणतात, चोळी-बांगडीवर समाधान मानतात. तो त्यांचा अधिकार. पण हक्क सोडायचा असेल तर आधी हक्क नोंदवावा लागतो. बहिणीचं नाव वारसात लावायचं आणि मग तिनं दुय्यम निबंधकाकडं जाऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं, हा रस्ता आहे. त्यात ती स्वतः हजर असते, फोटो निघतो, अंगठा मशीनवर लागतो, कुणी तिला ‘सोसायटीचं काम’ म्हणून फसवू शकत नाही. भाऊ हा रस्ता टाळतात तेव्हा मला शंका येते. आणि काही जण अर्धवट हुशारी करतात: बहिणींकडून नोटरीपुढं संमतीपत्र घेतात, ‘आमची हरकत नाही, नावं लावू नयेत’. अहो, शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीतला हक्क नोंदणी नसलेल्या कागदानं जात नाही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. सांगली-मिरज-कुपवाडच्या गुंठेवारीतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, नोटरी केलेल्या कागदावर प्लॉट घेऊन किती जणांचे केस पांढरे झालेत ते त्यांनाच विचारा. उद्या बहीण किंवा बहिणीचा मुलगा वाटपाचा दावा घेऊन आला, तर ते संमतीपत्र कितपत टिकेल याचा विचार भावांनी स्वतःसाठीच करावा.

दुसरी: ‘तलाठ्यानं चौकशी करायची असते, प्रतिज्ञापत्रावर कशाला खापर?’ हेही बरोबर. अर्ज आला की वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क ला नोंद घ्यायची, गावात विचारायचं, मग फेरफार, नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी मंजूर करायचं, असा क्रम आहे. गावात कुणाला किती मुली आहेत हे पोलीस पाटलाला माहीत नसतं होय? लग्नात जेवून आलेला असतो. पण फाइलला प्रतिज्ञापत्र लागलं की चौकशी तिथंच थांबते. ‘त्यांनी शपथेवर दिलंय ना, मग आमची जबाबदारी संपली.’ आणि नोटरी म्हणतो, मजकूर खरा का खोटा हे बघणं माझं काम नाही, मी फक्त शपथ दिली. कायद्यानं तो बरोबरच बोलतो. फक्त शपथही दिलेली नसते.

त्या थोरल्या बहिणीनं पुढं काय केलं ते सांगतो, कारण कुणाला तरी उद्या उपयोगी पडेल. पहिल्यांदा जाहीर नोटीस देणाऱ्या वकिलाला मुदतीच्या आत लेखी हरकत दिली, सोबत शाळेचा दाखला जोडला, त्यावर वडिलांचं नाव होतं. घेणारा त्याच दिवशी मागं सरला, व्यवहार थांबला. मग फेरफाराविरुद्ध प्रांताकडं अपील. अपिलाला साठ दिवसांची मुदत असते, ती केव्हाच गेली होती, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज, त्यात ‘मला नोटीसच मिळाली नाही, अमुक तारखेला नक्कल मिळाल्यावर कळलं’ हे तारखेसकट लिहिलं. आईचंही प्रतिज्ञापत्र जोडलं, यावेळी आईला गाडीत घालून नोटरीसमोर नेलं, त्यानं मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा आई मध्येच म्हणाली, ‘तीन न्हाईत, पाच लेकरं हायती मला.’ तसंच लिहिलं होतं म्हणा, पण म्हातारीला ते तोंडानं सांगायचं होतं. प्रांताकडं प्रकरण चालू आहे. तिथं काहीही होवो, फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकी त्यानं जात नाही, दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा करायचा रस्ता मोकळा आहे. फक्त तो लांबचा आहे, आणि दरम्यान ऊस भाऊ नेतात.

म्हणून ज्या बहिणी हे वाचतायत त्यांना सांगतो: वडील किंवा आई गेल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसाची वर्दी द्यायची असते, ती द्यायला भावाचीच वाट बघायची गरज नाही, कुठलाही वारस अर्ज करू शकतो. साधा कागद, सगळ्या भावंडांची नावं, मृत्यूचा दाखला, आणि पोच घ्या. माहेरच्या गावाची ‘आपली चावडी’ मोबाईलवर उघडून बघत जा, तिथं फेरफाराच्या नोटिसा लागतात. तालुका, गाव टाकलं की दिसतं. पंधरा दिवसांत हरकत घेतली तर नोंद तक्रारी होते आणि सुनावणी लागते. त्यानंतर घेतली तर अपील, वकील, आणि माझ्यासारख्याच्या लांबलचक पोस्टी.

आणि सातारा-सांगलीच्या दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांकडं माझी मागणी साधी आहे. जिथं जिथं ‘नोटरी करून आणा’ची पाटी आहे ती २०१५ च्या शासन निर्णयाशी ताडून काढून टाका, आणि २००४ च्या स्टँप माफीची पाटी प्रत्येक सेतूच्या दारात मराठीत लावा. नोटरींनी फीचा तक्ता कार्यालयाच्या आत-बाहेर लावायचा नियम आहेच, तोही पाळला जातो का बघा. वारसाच्या फाइलमध्ये प्रतिज्ञापत्र ठेवायचं तर ठेवा, पण त्यात एक रकाना छापा: ‘मयताच्या मुली, विवाहित व अविवाहित, नावे, सासरचा पत्ता व फोन’. रिकामा सोडायचा झाला तर ‘मुली नाहीत’ असं त्या माणसाला स्वतःच्या हातानं लिहायला लावा. आणि फेरफार मंजूर करायच्या आधी मंडळ अधिकाऱ्यांनी त्यातल्या एका तरी नंबरवर फोन लावावा.

नोटरी मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल आणि चूक दिसली तर कलमासकट कमेंटमध्ये लिहा, दुरुस्त करतो. ज्यांच्याकडं अशी प्रकरणं आहेत त्यांनी नावं-गावं इथं टाकू नका, इनबॉक्स करा. फेरफार नंबर, मंजुरीची तारीख आणि नोटरीचा अनुक्रमांक एवढंच पाठवा. पन्नास जमली की दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हा न्यायाधीशांना पत्र देतो, की या नंबरांच्या नोंदी त्या नोंदवह्यांत आहेत का, आणि त्यापुढं कुणाच्या सह्या आहेत, ते एकदा तपासा.